भाववाढ दावा टिपण: मजूर घटक, जानेवारी ते मार्च 2024

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता
विषय: राज्यमार्ग रुंदीकरण व पूल, चालू देयक क्र. 11

महोदय,

निविदा स्वीकृतीची अंतिम तारीख 18 एप्रिल 2022 होती. करारातील भाववाढ कलमानुसार त्याआधीची तिमाही, म्हणजे जानेवारी ते मार्च 2022, पायाभूत धरली आहे. कार्यारंभ आदेशाची तारीख येथे लागू नाही.

निर्देशांक शिमल्याच्या श्रम ब्युरोचा, औद्योगिक कामगारांचा (अखिल भारतीय, 2016=100) आहे.
L0: 125.1, 125.0, 126.0, सरासरी 125.37
L1: 138.9, 139.2, 138.9, सरासरी 139.00

दोन्ही आकडे एकाच मालिकेतले आहेत, त्यामुळे 2.88 चा जोडगुणक लागत नाही. मागच्या पडताळणीत तो एकाच बाजूला लावला गेल्याने वाढच उणे निघाली होती. कृपया यावेळी तेवढे पाहावे.

तिमाहीतील काम 3,10,00,000 रुपयांचे. सिमेंट व पोलादाचा फरक कराराप्रमाणे वेगळा मिळतो, म्हणून त्यांचे 70,00,000 वगळून P = 2,40,00,000. मजूर टक्केवारी K1 = 25.

```
V1 = 0.85 × P × K1/100 × (L1 − L0)/L0
   = 0.85 × 2,40,00,000 × 0.25 × 0.1087
   = 5,54,370
```

काम मूळ मुदतीतले आहे, मुदतवाढीचा प्रश्न नाही. साहित्य घटकाचा दावा मार्चचा घाऊक निर्देशांक अंतिम झाल्यावर देऊ. तात्पुरत्या आकड्यांवर देयक काढून पुन्हा वसुली करण्यात कोणाचाच फायदा नाही.

मोजमाप पुस्तकाचा उतारा व निर्देशांकांच्या प्रती सोबत आहेत. रु. 5,54,370 मंजूर व्हावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
कंत्राटदारातर्फे प्रकल्प व्यवस्थापक
20 मे 2024