ओटी

पुलगावच्या स्टेशनाबाहेर काळीपिवळी भरायला अजून सहा माणसं हवी होती, आणि मला अकराच्या आत गावात पोचायचं होतं. म्हणून मी एकटीनंच गाडी केली. सातशे रुपये ठरले. ड्रायव्हर पस्तिशीचा असेल, गळ्यात दुपट्टा, बोलणं मऊ. माझी बॅग त्यानं मागं न टाकता सीटवर ठेवली. "मांगं धूळ हाये लय," म्हणाला.

आर्वीच्या रस्त्याला लागलो. पूर्वी या अंगानं शकुंतला धावायची, तिच्या अरुंद रुळांजवळून आम्ही पोरं चालत जायचो. डिसेंबर सुरू झाला होता. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी फुटलेली, मध्ये मध्ये तुरीची पट्टी. बऱ्याच वावरांत बाया वेचणीला लागल्या होत्या. डोक्यावरून फडकं, वरून नवऱ्याचा जुना शर्ट आणि कमरेला कापसानं भरलेली ओटी. लांबून प्रत्येक बाई गरोदर दिसते. लहानपणी मला खरंच तसं वाटायचं.

"गानं लावू का जी?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. मला वाटलं, असेल काही सिनेमातलं. तर स्पीकरमधून आधी खरखर आली, कुठंतरी कुत्रं भुंकलं आणि मग बाईचा आवाज आला. साधा, थोडा पुढं कललेला, साथीला काही नाही. दम घ्यायला ती ओळीच्या मध्येच थांबत होती. ओणव्यानं काम करताना गाणाऱ्या बाईला असाच दम लागतो.

मनभर वेचलं, काटा सांगे उनं
माह्या बोटाचं रगत, धन्याघरी सोनं

शब्द मी कधी ऐकले नव्हते. चाल मात्र अंगात शिरली. दुसरी ओळ संपताना आवाज जिथं खाली उतरतो, त्याच्या आधीच माझा गळा आतल्या आत उतरला होता. मी पुढं सरकले.

"कोणाचं गाणं आहे हे?"

"कोनाचंच नाही जी. आमच्या मायचा आवाज हाये. जावायानं टेपवर भरला होता, माह्या बहिनीच्या लग्नात. टेप गेली खराब होत. म्हनून आर्वीले एका पोट्ट्याकून पेनड्राइव्हमंदी घेतलं. पन सुरुवात टेपनंच खाल्ली. मधातूनच सुरू होते."

"आणि आई?"

"गेली जी, चार साल झाले."

विरूळ मागं पडलं. त्यानं न सांगता गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, म्हणजे त्याच्याकडच्या पहिल्यापासून. मी डोळे मिटून पाहिले. चाल कुठं ऐकली ते कळायला वेळ लागला नाही. मी ही चाल स्वतः गायले होते. पुण्यात, दोन खोल्यांच्या घरात, मुलगी झोपत नसे तेव्हा.

वेच बाई वेच, पांढरी सकाळ
बोंडात निजलं चांदण्याचं बाळ

मी ती अंगाई समजत होते. माझ्या मुलीनं तिच्या मुलासाठी ती माझ्याकडून लिहूनही घेतली.

"मला याची सुरुवात येते," मी म्हणाले.

त्यानं गाडीच बाजूला घेतली. निंबाखाली उभी केली, इंजिन बंद केलं आणि पूर्ण वळून बसला. "म्हना."

मला लाज वाटली. साठी ओलांडलेली बाई, अनोळखी माणसापुढं गाणार कशी? पण त्याच्या चेहऱ्यावर इतकी घाई होती की मी म्हणून टाकलं. दोन ओळी झाल्यावर तो हसला, डोळ्यांत पाणी असताना माणूस हसतो तसा.

"सकाय जी. सकाळ नाही. पांढरी सकाय, चांदन्याचं बाय. माय तसंच म्हने. मले तेवढंच आठवते, बाकी सुरुवात काही ध्यानात नाही."

बरोबर होतं. मीही तेच ऐकलं होतं, सकाय आणि बाय. पुण्यात गेल्यावर मी ते धुऊनपुसून घेतलं. आमच्या शाळेतल्या बाईंनी माझ्या बोलण्यातला य काढायला एक वर्ष घालवलं होतं, त्यात गाणंही निघालं.

"अजून हाये पुढं?"

वारा नको येऊ, पानं नको हालू
धुऱ्यावर झोका, नको कोनी बोलू

या वेळी मी जसं ऐकलं होतं तसं म्हटलं. त्यानं मोबाइल पुढं धरला होता. पूर्ण चार ओळी पुन्हा एकदा म्हणायला लावल्या. एकदा रस्त्यावरून ट्रक गेला म्हणून तिसऱ्यांदा.

"याच्यापुढं?"

"याच्यापुढं मला येत नाही. मी कधी ऐकलंच नाही."

"असं कसं? चार ओयी म्हनून कोनी थांबते का? वेचनीचं गानं हाये, दिसभर पुरवा लागते." मग त्यानं विचारलं, "तुमी कुठी ऐकलं होतं जी?"

"आमच्या वावरात."

तो काही क्षण माझ्याकडं बघत राहिला. नजरेत राग नव्हता. हिशेब लागल्यावर माणूस बघतो तसं बघत होता.

"म्हंजे धुऱ्यावरून," तो म्हणाला. "मंग पुढचं कसं येईन तुमाले."

गाडी सुरू झाली. रोहण्यापर्यंत कोणी बोललं नाही.

मी धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून ऐकलं होतं हे खरं. दर वर्षी सीतादहीची पूजा झाली की दुसऱ्या दिवसापासून वेचणी लागायची, आणि शाळा नसली की मी आबाजींबरोबर वावरात जायची. एक बाई होती, तिचं तान्हं बाळ धुऱ्यावरच्या बाभळीला लुगड्याच्या झोक्यात असायचं. मी त्याला हलवत बसायची. ती पऱ्हाटीच्या ओळीतून लांब जायची, गाणं तिच्याबरोबर लांब जायचं, आणि परत येताना मोठं होत यायचं. झोक्यापाशी आली की वेच बाई वेच. मी तिच्याकडून चार ओळी शिकले. ती लांब असताना बाकीच्या बायांबरोबर काय म्हणायची, ते वाऱ्यानं तुटून यायचं. मी एकदा धावत धावत ऐकायला गेले होते. मी पोचले तशा सगळ्या थांबल्या. एकीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, "जाय माय, बायले झोका दे."

स्पीकरमध्ये आता पुढचं कडवं चालू होतं. पहिल्या वेळी बोलण्याच्या नादात मी ते नीट ऐकलं नव्हतं.

गाठोड्याखालून गुडघा कोनाचा
सांग ना रे काट्या, तू रे कोनाचा

"थांबव," मी म्हणाले.

त्यानं गाणं थांबवलं. गाडी चालूच होती.

संध्याकाळी विहिरीजवळच्या निंबाला ताणकाटा टांगायचे. बाया ओट्या मोकळ्या करून गाठोडी बांधायच्या आणि रांगेत उभ्या राहायच्या. वेचणीची मजुरी किलोवर. आबाजी स्वतः काटा वाचायचे, दिवाणजी वहीत लिहायचा. गाठोडं काट्याच्या कडीला अडकवलं की आबाजी जरा वाकायचे आणि उजवा गुडघा त्याच्याखाली लावायचे. प्रत्येक गाठोड्याला. मला वाटायचं, बाईच्या हाताला भार होऊ नये म्हणून आबाजी आधार देतात. मला त्यांचा अभिमान वाटायचा. चौथीत असताना 'माझे आजोबा' या निबंधात मी ते लिहिलं होतं, आणि ताईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

खालून गुडघा लावला की काट्यावर वजन कमी उतरतं. हे कळायला मला पन्नासहून जास्त वर्षं लागली, आणि तेही कोणी समजावून नाही, एका ओळीनं.

आबाजी वाईट माणूस नव्हते असं मी म्हणू शकते, पण ते माझ्या अनुभवातलं झालं. मला ते खांद्यावर बसवून नदीवर न्यायचे. १९७२ साली सरकारची एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हा संकलन केंद्रावर बैलगाडी घेऊन रांगेत रात्र काढायचे, आणि घरी येऊन संतापायचे, आपल्या कापसाची प्रत खाली लावली, मापात पाप केलं म्हणून. आजी त्यांना गुळाचा चहा द्यायची. तो संतापही खरा होता. त्या संतापानं मी रडायची, आबाजींना कोणी फसवलं म्हणून.

"कोनाचं वावर जी तुमचं?" रोहणा मागं पडल्यावर त्यानं विचारलं.

मी आबाजींचं नाव सांगितलं.

"माय तुमच्याकडं नव्हती येत," तो लगेच म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला की खरंच, ते मला कळलं नाही. "आमच्याकडच्या बाया दुसऱ्या अंगाले जायच्या. पन गानं सगळ्याईचं एकच होतं. या गावची बाई त्या गावात लग्न होऊन गेली का गानं घेऊन जाये. गुडघा तं सगळीकडंच होता."

"लाव पुढं," मी म्हणाले. "मला पूर्ण ऐकू दे."

अजून सहा कडवी होती. त्यात दिवाणजीची वही होती, पायाला टोचलेला सराटा होता, घरी उपाशी बसलेली सासू होती, आणि शेवटी पुन्हा झोका आला. झोक्यातल्या बाळाला कोण हलवतं, तर 'धन्याची नात, तिचा गोरा हात'. एवढंच. त्यात राग नव्हता, माया होती असंही म्हणवत नाही. तिथं कोणी होती, एवढीच नोंद. ती नात मीच असं नाही. तेव्हा प्रत्येक वावराला एखादी नात असेलच.

गाव आलं. घराच्या दारात चुलतभावाची मोटरसायकल उभी होती. दुपारी रजिस्ट्री होती, शेवटचं चार एकर. मी ड्रायव्हरला पाचशेच्या दोन नोटा दिल्या आणि राहू दे म्हटलं.

त्यानं खिशातून शंभराच्या नोटा काढल्या. एक, दोन, तीन. माझ्या तळहातावर एकेक ठेवली.

"सातशेच ठरले होते जी. मोजून घ्या."

मी मोजून घेतले. त्यानं माझा नंबर घेतला, गाणं जोडून झालं की पाठवतो म्हणाला. आधी तुमचा आवाज, मग मायचा.

भाऊ म्हणाला, चहा घे, मग निघू. मी म्हटलं, आधी वावर बघून येते. तो बरोबर आला. विहीर बुजली आहे. निंब आहे. ज्या फांदीला काटा टांगायचे तिथं लोखंडी कडी अजून तशीच आहे, फक्त सालीनं ती अर्धी गिळली आहे. मी बोट घालून पाहिलं, आत जात नाही.

"अरे," मी भावाला विचारलं, "आबाजींच्या वेळी आपल्याकडं वेचायला कोण कोण यायचं? नावं आठवतात का तुला?"

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. सगळा जन्म गावातच गेला त्याचा. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, मनापासून आठवायचा प्रयत्न केला.

"बाया यायच्या," तो म्हणाला.