दोलकाला वजन कळतं का?

स्लाइड १: शीर्षक

दोलकाला वजन कळतं का?
विभाग: भौतिकशास्त्र
इयत्ता आठवी

*बोलताना:* नमस्कार. माझ्या हातात दोन चेंडू आहेत. बाहेरून अगदी सारखे दिसतात, पण एक ११ ग्रॅमचा आहे आणि दुसरा १५० ग्रॅमचा. दोन्ही सारख्याच लांबीच्या दोऱ्याला बांधून एकदम सोडले, तर एक झोका कोण आधी पूर्ण करेल? तुमचं उत्तर मनात धरून ठेवा. शेवटी आपण ते करूनच बघू.

स्लाइड २: प्रश्न

दोलकाला एक झोका (जाऊन परत येणे) पूर्ण करायला लागणारा वेळ म्हणजे दोलनकाल. तो कशामुळे बदलतो?

- टांगलेल्या वस्तूच्या वजनामुळे?
- किती दूर ओढून सोडला त्यामुळे?
- दोऱ्याच्या लांबीमुळे?

माझा अंदाज: जड वस्तू लवकर झोका पूर्ण करेल.

*बोलताना:* हा अंदाज मी प्रयोग करण्याआधी वहीत लिहिला होता. तो चुकला, तरी स्लाइडवर तसाच ठेवला आहे. जड वस्तू जोरात खाली येते असं मला खरंच वाटत होतं. वर्गात विचारलं तेव्हा बहुतेकांनी हेच सांगितलं.

स्लाइड ३: पहिला प्रयत्न

साहित्य: लोखंडी नट, दोरा, मोजपट्टी, थांबघड्याळ
नट एकाखाली एक अडकवून वजन वाढवले. वरच्या नटाच्या मध्यापर्यंत दोरा ५० से.मी.

| नट | २० झोक्यांचा वेळ (सेकंद) |
|---|---|
| १ | २८.४ |
| ३ | २८.९ |
| ५ | २९.५ |

*बोलताना:* यातून वजन वाढलं की झोका हळू होतो, असं दिसलं. माझ्या अंदाजाच्या बरोबर उलट. मोजणीत चूक असेल म्हणून पुन्हा पुन्हा मोजलं, तरी तेच आकडे. दोन दिवस मी हाच माझा निष्कर्ष धरून बसले होते. मग मोठ्या बहिणीने एक साधी गोष्ट विचारली: "लांबी कुठपर्यंत मोजलीस?" पहिल्या नटापर्यंत, मी म्हटलं. "मग बाकीचे चार कुठे लटकतायत?"

प्रत्येक नटामागे साखळी २ से.मी. खाली जात होती. म्हणजे मी वजन वाढवताना नकळत लांबीही वाढवत होते. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर फरक कुणामुळे पडला ते सांगता येत नाही. हा तक्ता मी काढून टाकलेला नाही, स्लाइड ८ वर त्याच्याकडे परत येणार आहे.

स्लाइड ४: सुधारलेली पद्धत

- टेबल टेनिसचे तीन चेंडू, आकार एकच
- आत काठोकाठ भरले: लाकडाचा भुसा (११ ग्रॅम), वाळू (५४ ग्रॅम), बेअरिंगचे छर्रे (१५० ग्रॅम)
- लांबी: पकडीपासून चेंडूच्या मध्यापर्यंत
- दोरा खिळ्याला न बांधता दोन पट्ट्यांमध्ये घट्ट दाबला
- प्रत्येक मोजणी ५ वेळा, मग सरासरी

*बोलताना:* चेंडू काठोकाठ भरणं महत्त्वाचं होतं. अर्धा भरला तर वाळू तळाशी बसते, गुरुत्वमध्य खाली सरकतो आणि नटांचीच चूक पुन्हा होते. खिळ्याला गाठ मारली तर झोका घेताना दोरा खिळ्याभोवती थोडा गुंडाळतो आणि सुटतो, म्हणून पकड पट्ट्यांची ठेवली. छर्ऱ्यांच्या चेंडूने दोरा किंचित ताणला गेला, त्यामुळे चेंडू टांगल्यावर लांबी पुन्हा मोजून ५० से.मी. वर आणली.

रिकामा चेंडूही टांगून पाहिला. हवेच्या विरोधामुळे त्याचा झोका लगेच मरतो, २० झोके नीट मोजताच येत नाहीत. म्हणून तो तक्त्यात नाही.

स्लाइड ५: वेळ कसा मोजला

- एक झोका मोजला नाही, २० मोजले आणि २० ने भागले
- मोजणी सर्वांत खालच्या बिंदूपासून, तिथे मागे एक खूण
- सुरुवात "शून्य" म्हणून

*बोलताना:* बटण दाबायला माणसाला साधारण ०.२ सेकंद उशीर होऊ शकतो. एकाच झोक्यावर ही चूक फार मोठी ठरते. २० झोक्यांवर वाटली तर एका झोक्यामागे ०.०१ सेकंदच उरते.

खालच्या बिंदूला चेंडू सर्वांत वेगात असतो, त्यामुळे तो खुणेवरून कधी गेला ते नेमकं कळतं. टोकाला तो क्षणभर थांबल्यासारखा वाटतो आणि कधी वळला ते ठरवता येत नाही.

आणि "शून्य"ची गंमत अशी की, घड्याळ सुरू करतानाच "एक" म्हटलं तर "वीस" म्हणेपर्यंत झोके १९ च होतात. माझ्या पहिल्या दिवसाच्या सगळ्या नोंदी यामुळे बाद झाल्या.

स्लाइड ६: निकाल, वजन

लांबी ५० से.मी., कोन १०°

| चेंडू | वजन (ग्रॅम) | २० झोके (सेकंद) |
|---|---|---|
| भुसा | ११ | २८.५ |
| वाळू | ५४ | २८.४ |
| छर्रे | १५० | २८.४ |

*बोलताना:* वजन तेरापटीहून जास्त वाढलं. वेळेतला फरक ०.१ सेकंद, तोही २० झोक्यांत. इतका फरक तर माझ्या बोटामुळेच पडतो.

असं का होतं? जड चेंडूला पृथ्वी जास्त बलाने ओढते हे खरं आहे. पण जड चेंडू हलवायला बलही तितकंच जास्त लागतं. तेरापट वस्तुमान, तेरापट ओढ. दोन्हींचा परिणाम एकमेकांना पुरता फेडतो आणि वेग बदलण्याचा दर तोच राहतो. माझ्या अंदाजात मी पहिली बाजू धरली होती, दुसरी विसरले होते.

स्लाइड ७: निकाल, कोन

वाळूचा चेंडू, ५० से.मी.

१०° → २८.४ सेकंद
२०° → २८.६ सेकंद
४०° → २९.१ सेकंद

*बोलताना:* कोनाने फरक पडत नाही असं मी वाचलं होतं. ते लहान कोनापुरतं खरं आहे. ४०° वर फरक स्पष्ट दिसला आणि पाचही वेळा दिसला. म्हणून पुढची सगळी मोजमापं १०° वरच केली.

स्लाइड ८: निकाल, लांबी

वाळूचा चेंडू, कोन १०°

| लांबी L (से.मी.) | २० झोके (सेकंद) | दोलनकाल T (सेकंद) | T × T |
|---|---|---|---|
| २५ | २०.२ | १.०१ | १.०२ |
| ५० | २८.४ | १.४२ | २.०२ |
| ७५ | ३४.९ | १.७५ | ३.०५ |
| १०० | ४०.२ | २.०१ | ४.०४ |

*बोलताना:* इथे सगळा खेळ आहे. पहिली आणि शेवटची ओळ बघा. लांबी चौपट झाली, पण वेळ दुप्पटच. शेवटच्या रकान्यात आकडे जवळजवळ १, २, ३, ४ असे चढतात. म्हणजे लांबी दोलनकालाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आलेख काढला तर L आणि T × T यांची सरळ रेघ येते, ती फलकावर लावली आहे. ही रेघ आली तेव्हा मी वही घेऊन घरभर दाखवत फिरले.

आता ते नट आठवा. ३ नटांना गुरुत्वमध्य २ से.मी. खाली, म्हणजे खरी लांबी ५२. या नियमाने वेळ २९.० यायला हवा, मी मोजला होता २८.९. ५ नटांना लांबी ५४, हिशोबाने २९.५, मोजलेला २९.५. पहिल्या प्रयत्नात मी वजनाचा परिणाम म्हणून जे लिहून ठेवलं होतं, तो सगळा लांबीचा परिणाम होता.

स्लाइड ९: आधी भाकीत, मग मोजणी

लांबी ३६ से.मी.
भाकीत: ४०.२ × ०.६ = २४.१ सेकंद
मोजलेला वेळ: २४.२ सेकंद

*बोलताना:* ३६ से.मी. वर मी आधी कधीच मोजलं नव्हतं. ३६ म्हणजे १०० च्या ०.३६ पट आणि त्याचं वर्गमूळ ०.६. आकडा आधी वहीत लिहिला, बहिणीची सही घेतली, मगच चेंडू सोडला. जुळलेल्या आकड्यांवरून नियम काढण्यापेक्षा न मोजलेला आकडा आधी सांगणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

स्लाइड १०: दोऱ्यावरून पृथ्वीची ओढ

T = 2π√(L/g)

L = १ मीटर, T = २.०१ सेकंद
g = 4π²L/T² = ९.७७ मी./से.²

*बोलताना:* g म्हणजे गुरुत्व त्वरण. पुस्तकात साधारण ९.८ दिलं आहे. एक दोरा, वाळू भरलेला चेंडू आणि घड्याळ एवढ्यावर ९.७७ आलं. यासाठी सर्वांत लांब दोरा निवडला, कारण वेळ जितका मोठा तितकी बटणाची चूक त्यात लहान.

सूत्रात वस्तुमान कुठेच नाही, हेही बघा. तेच स्लाइड ६ वर दिसलं होतं.

हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ तयार केलं. १६७२ मध्ये झां रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ असं घड्याळ घेऊन पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे गेला, तर ते रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. त्याला लंबक थोडा आखूड करावा लागला. बिघाड घड्याळात नव्हता. विषुववृत्ताजवळ g कमी असतो: तिथे सुमारे ९.७८, ध्रुवांवर ९.८३. पृथ्वी पूर्ण गोल नाही आणि ती स्वतःभोवती फिरते, म्हणून हा फरक. माझ्या साहित्याने एवढा बारीक फरक पकडता येणार नाही, त्यासाठी वेळ कितीतरी जास्त अचूक मोजावा लागेल.

स्लाइड ११: उरलेल्या त्रुटी

- पट्टीने लांबी मोजताना १ ते २ मि.मी. चूक शक्य
- २५ से.मी. वर झोके भरभर होतात, मोजणी कठीण
- भुशाचा चेंडू हवेमुळे लवकर मंदावतो

*बोलताना:* पुढे खुणेजवळ प्रकाशाचा सेन्सर बसवायचा आहे, म्हणजे बोटाची चूक निघून जाईल. मग भुशाच्या चेंडूतला तो ०.१ सेकंद खरा आहे की माझा, तेही कळेल. हवा हलक्या चेंडूला थोडं मागे ओढत असावी असा माझा अंदाज आहे, आणि तोही मी वहीत लिहून ठेवला आहे.

स्लाइड १२: करून बघा

दोन दोलक, लांबी ५० से.मी., ११ ग्रॅम आणि १५० ग्रॅम

*बोलताना:* आता तुमचं उत्तर सांगा. हे दोन्ही चेंडू या रेघेपर्यंत ओढा आणि एकदम सोडा, ढकलू नका. नजर चेंडूंवर नको, खालच्या खुणेवर ठेवा. हलक्याचा झोका लहान होत जाईल, तरी दोघे खुणेवरून एकत्रच जातील. मी मोजते: शून्य, एक, दोन...