दारातला पोर्तुगीज ओळखा

सोमवार, रात्री ८

घराचं दार डोळ्यांसमोर आणा. आता सांगा, या चारपैकी कोणता शब्द पोर्तुगीजांकडून आलेला नाही?

अ) चावी
आ) बिजागरी
इ) साबण
ई) खिडकी

(साबण दारात कशाला, असं विचारू नका. चौथा पर्याय सुचत नव्हता.)

गूगल न करता एक अक्षर टाका, आणि तेच का वाटलं तेही एका ओळीत लिहा. चुकलं तरी चालेल. आपण इनमिन २१३ जण आहोत, कोण हसणार?

मंगळवार, दुपारी १

आतापर्यंत अकरा उत्तरं आली, त्यांत सहा जण 'आ' म्हणतात. बिजागरी इतकी आपली वाटते खरी!

एक इशारा देतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, 'चावी'ला ते काय म्हणायचे? बहुतेक 'किल्ली'. म्हणजे वस्तू होती, शब्दही होता, तरी पाहुणा आला आणि राहिला.

बुधवार, रात्री ८

उत्तर : ई) खिडकी. ही अस्सल घरची, प्राकृतातल्या 'खडक्की'ची लेक.

चावी म्हणजे त्यांची chave. बिजागरी म्हणजे bisagra. आणि गंमत बघा, ती चावी ज्यात फिरते ते कुलूप अरबी 'कुफ्ल'वरून आलंय. तोंडातोंडी फ आणि ल यांची जागा बदलली. एका दारात तीन मुलखांची माणसं उभी आहेत आणि आपण रोज त्यांना ओढून घेऊन ऑफिसला जातो.

आता साबण. एका ताईंनी मला बरोबर पकडलं : "पोर्तुगीज sabão ठीक, पण अरबीतही साबून आहेच की!" ताई, मान्य. दोन्हींच्या मागे लॅटिन sapo आहे, आणि मराठीत तो कोणत्या वाटेने आला यावर पैज लावायची माझी तयारी नाही. प्रश्न टाकताना मी हे बघायला हवं होतं. 'इ' लिहिणाऱ्या दोघांना अर्धा गुण. 'आ'वाल्यांना शून्य, पण सोबतीला पुष्कळ जण आहेत.

शुक्रवार, सकाळी ९ : मी कोण?

पोर्तुगालमध्ये मी लाकडाचं पसरट भांडं. इथे आलो आणि लोखंडाचं झालो, हल्ली प्लास्टिकचंही मिळतो. बाईच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मी, माझ्यात ओली वाळू. स्लॅबच्या दिवशी मला क्षणाची उसंत नसते; हातोहात वर जातो, रिकामा खाली येतो. संध्याकाळी धुतलं नाही तर सिमेंट कायमचं चिकटतं आणि मुकादम ओरडतो.

अक्षरं तीन, पहिलं 'घ'.

कोणाच्या घरी मला वेगळं नाव असेल तर तेही गावाच्या नावासकट लिहा, मला उत्तरापेक्षा त्याचीच जास्त उत्सुकता आहे. उत्तर रविवारी रात्री ८ ला.