सत्त्याहत्तर हजार (कथेची सुरुवात, नव्याने लिहिलेली)

सुरुवात पूर्ण बदललीये. भेगाळलेली जमीन, आभाळाकडे टक लावून बसलेला बाप, दाटून आलेला कंठ, पापण्यांच्या कडा, "कांद्याने नाही नशिबाने रडवलं" वगैरे सगळं काढून टाकलं. निफाड तालुक्यातला बाप डिसेंबरात आभाळाकडे बघत बसत नाही, त्याला लाल कांदा काढायचा असतो. आणि वैशालीला काय वाटलं ते मी कुठेच सांगितलेलं नाही, ती काय करते तेवढंच ठेवलंय. माझा या मुलीवर खूप जीव आहे, म्हणून तिच्या तोंडचं पहिलं पान नीट जमायलाच हवं होतं. तर आता असं सुरू होतं:

*

मेसेज आला तेव्हा पावणेबारा झाले होते आणि ट्रॉली भरून अंगणात उभी होती. गावच्या ग्रुपवर कुणीतरी कागदाचा फोटो टाकलेला, इंग्रजीतला, खाली मराठीत एकच ओळ, कांदा निर्यातबंदी ३१ मार्चपर्यंत, उद्यापासून लागू. मी फोटो मोठा करून तारीख बघितली, ७ डिसेंबर २०२३, मग ग्रुपवर आणखी कोण काय म्हणतंय ते बघत बसले तर सगळे नुसते हात जोडलेले आणि रागावलेले चेहरे टाकत होते. तात्या पडवीत झोपले होते. त्यांचा फोन बटणांचा, त्यात असलं काही येत नाही. मी त्यांचा फोन चार्जिंगला लावला, पहाटे साडेचारचा गजर आहे का ते बघितलं, आणि आत जाऊन झोपले.

उन्हाळ कांदा असता तर प्रश्नच नव्हता, ट्रॉली परत कांदाचाळीत ओतली असती आणि बसलो असतो वाट बघत. लाल कांदा टिकत नाही. त्यात २६ नोव्हेंबरच्या रविवारी गारा पडलेल्या, वावरात पाणी साचलेलं, पात झोपलेली, जो कांदा हाती लागला तो तात्यांनी आणि आईने दोन दिवस बसून निवडला होता, गोल्टी वेगळी, चिंगळी वेगळी, नरम लागला की सरळ बाजूला फेकायचा. ट्रॉलीत होता तो सगळा एक नंबर होता. आईने निवडताना चार मोठे कांदे घरी ठेवायला काढले तर तात्यांनी त्यातले दोन परत ट्रॉलीत टाकले.

सकाळी मीच त्यांच्यासोबत गेले. दरवेळी दादा जातो पण त्याची पिंपळगावला पाळी होती. खडक माळेगाव सोडल्यावर तात्या बोलायला लागले, ट्रॅक्टरच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचंच, त्यामुळे आमच्या घरातले पैशाचे सगळे हिशोब अख्ख्या रस्त्याला ऐकू जातात.

"काल शेजारच्या ट्रॉलीला साडेतीन गेला. आपला त्याच्यापेक्षा चांगलाय."

"हो."

"बावीस क्विंटल भरंल. बावीस क्विंटलचे साडेतीन हजारानं किती?"

"सत्त्याहत्तर हजार."

"रिवायंडिंगला दिलेली मोटार आणायची, औषधवाल्याचं मागचं द्यायचं. हमाली, तोलाई धरली का तू?"

"नाही, सगळेच सांगितले."

"मग पंच्याहत्तर धर."

मी पंच्याहत्तर धरले. त्यातून त्यांनी मोटार वजा केली, औषधवाला वजा केला, माझी परीक्षेची फी वजा केली जी मी त्यांना दोन महिन्यांपूर्वीच भरलीये म्हणून सांगितलं होतं आणि खरंच भरली होती, पण त्यांनी ती वजा केली आणि मी करू दिली. थंडी होती, त्यांनी कानाला मफलर बांधलेला, त्यामुळे निम्मं बोललेलं त्यांना ऐकूच येत नव्हतं आणि त्यांना ते चालत होतं.

लासलगावला पोचलो तर बाजार समितीच्या आत रांगा लागलेल्या. नेहमी या वेळेला माणसं एकमेकांच्या ट्रॉलीत हात घालून कांदा दाबून बघतात, पत्ती कशीये बघतात, आज सगळे घोळक्याने उभे होते आणि प्रत्येक घोळक्याच्या मधोमध एक मोबाईल. तात्या रांगेत ट्रॅक्टर लावून खाली उतरले, ताडपत्री सोडली, वरचे कांदे हाताने सारखे केले. व्यापाऱ्याची पहिली नजर वरच्या थरावरच जाते असं त्यांचं म्हणणं, मग खळ्यावर खाली करताना तो काय काय काढतो ते वेगळं. मी चहा आणते म्हणाले. टपरीवर दोन माणसं ऑगस्टचं बोलत होती, निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावलं तेव्हा लिलाव कसे बंद पडले होते, तेव्हा निदान चाळीत तरी माल होता. मी दोन चहा घेतले आणि तिथेच उभी राहून माझा पूर्ण पिऊन टाकला. तात्यांचा वर साय येईपर्यंत हातात धरून उभी होते.

लिलाव सुरू झाला. पुकारणारा पहिल्या ट्रॉलीवर चढला, व्यापारी खाली गोळा झाले, आणि बोली अठराशेला सुरू झाली. एकोणीस. एकोणीस पन्नास. तिथे थांबली. पुकारणाऱ्याने परत एकोणीस पन्नास म्हटलं तर ट्रॉलीचा मालक, तरुण पोरगा होता, बोनेटवर चढला आणि ओरडला बंद करा, कुणी देऊ नका रे, बंद करा. मग सगळीकडूनच ओरडा सुरू झाला.

तात्या आमच्या रांगेतल्या एका माणसाच्या मोबाईलमध्ये बघत होते. त्याने त्यांना वाचून दाखवलं, मग तात्यांनी त्याच्याकडून मोबाईल मागून घेतला आणि डोळ्यापासून लांब धरला. इंग्रजी त्यांना येत नाही पण आकडे येतात.

मी चहा पुढे केला. त्यांनी घेतला.

"हे रात्री आलंय," ते म्हणाले.

"हो."

"तुला?"

"पावणेबाराला."

त्यांनी साय बोटाने काढून टाकली, चहा प्यायले, कप चुरगळून खिशात घातला.

"मग सत्त्याहत्तर हजार कशाला सांगितलं?"

मी म्हणाले तुम्ही विचारलं म्हणून. ते माझ्याकडे बघत राहिले आणि तेवढ्यात मागून हाका सुरू झाल्या, चांदवडला चला, हायवे अडवायचाय, कोण कोण येतंय. चार मोटारसायकली फिरवून लावलेल्या, मागे बसायला माणसं धावत होती. तात्या आयुष्यात कधी आंदोलनाला गेलेले नाहीत. दूध संघाच्या मोर्चालासुद्धा नाही, तेव्हा ते म्हणाले होते म्हशींची धार कोण काढणार. त्यांनी मफलर सोडून परत बांधला, खिशातून ट्रॅक्टरची किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

"तू ने घरी."

"भरलेली ट्रॉली? तात्या, मी वावरातच चालवलाय."

"चढाला दुसराच गिअर ठेव. आन उतारावर न्यूट्रल करू नको, ट्रॉली ढकलती." दोन पावलं गेले आणि परत आले. "घरी गेल्यावर आईला भाव विचारला तर खरा सांग."

मग ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसले, तिघांत तिसरे, आणि मी बावीस क्विंटल कांदा घेऊन रांगेच्या मधोमध उभी होते, पुढे अकरा ट्रॉल्या, मागे किती ते दिसत नव्हतं, आणि मला रिव्हर्स येत नव्हता.