ईआरपी प्रोजेक्ट क्लोजरच्या दिवशी युजर्ससमोर केलेलं भाषण

नमस्कार सगळ्यांना. मागे उभे आहात त्यांनी पुढे या, पुढच्या खुर्च्या तुमच्यासाठीच ठेवल्यात.

आज सकाळी साइन-ऑफ झालं, चौदा महिन्यांचं काम कागदोपत्री संपलं. बजेट, टाइमलाइन वगैरे सगळं स्टिअरिंग कमिटीत बोलून झालंय, ते इथे परत काढत नाही. इथे मला फक्त त्यांच्याशी बोलायचंय जे सकाळी आल्या आल्या ही सिस्टिम उघडतात.

दुसऱ्या मॉक मायग्रेशनचा दिवस आठवतोय ना? ओपनिंग स्टॉकची व्हॅल्यू जुन्या सिस्टिमशी काही केल्या जुळेना, आमची टीम दोन दिवस अपलोडच्या फाइल्स तपासत बसली आणि काही सापडेना. मग आपले स्टोअरचे काका आले, म्हणाले मला प्रिंट काढून द्या, आणि पेन्सिलीने एकेक ओळ बघत बघत तांब्याच्या तारेपाशी थांबले. "साहेब, ही तार आपल्याकडे येते किलोत आणि लाइनवर जाते मीटरमध्ये, तुम्ही किलोचाच आकडा मीटर म्हणून चढवलाय." आणि खिशातनं वही काढली. कुठल्या गेजची तार किलोला किती मीटर भरते ते सगळं त्यात होतं, हाताने लिहिलेलं. असे ४७ आयटम निघाले. हे कन्व्हर्जन जुन्या सिस्टिममध्ये कुठेच नव्हतं, फक्त त्या वहीत होतं, आणि आम्ही तोपर्यंत त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

मी यातनं जे शिकलो ते सरळ सांगतो. मास्टर डेटाला मी प्लॅनमध्ये तीन आठवडे दिले होते, प्रत्यक्षात तीन महिने लागले, आणि ते तीन महिने वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही. एकच बेअरिंग चार कोडखाली, एकात डॅश, एकात स्पेस, आणि मटेरियलचं प्लॅनिंग करणारं एमआरपी तर कोडच बघणार ना, त्याला या कोडवर स्टॉक शून्य दिसला की ते खरेदीची रिक्विझिशन काढणार, माल शेजारच्या रॅकवर पडलेला असला तरी. ते कोड आमच्यापैकी कोणी साफ केले नाहीत. स्टोअर आणि परचेसच्या लोकांनी शिफ्ट संपल्यावर थांबून, रॅकपुढे उभं राहून केले.

यूएटीचंही तेच. टेस्ट केसेस आम्ही लिहिल्या, ऑर्डर आली, माल गेला, बिल झालं, सगळं सरळ. डिस्पॅचच्या ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, बिल झाल्यावर अर्धाच माल परत आला तर? त्याला आमच्याकडे केसच नव्हती. त्यांनी स्वतः बसून २३ केसेस लिहून दिल्या, त्यातल्या सहा फेल गेल्या, आणि त्या सहा गो-लाइव्हनंतर सापडल्या असत्या तर गाड्या गेटवर अडकल्या असत्या. पुढच्या प्रोजेक्टला टेस्ट केसेस आधी युजर लिहिणार, मग आम्ही.

ट्रेनिंग आम्ही फार लवकर घेतलं, गो-लाइव्हच्या दीड महिना आधी आणि तेही खोट्या डेटावर, त्यामुळे खरी स्क्रीन समोर आली तेव्हा निम्म्या लोकांच्या लक्षातच राहिलं नव्हतं, चूक त्यांची नव्हती. तुम्हाला खरं शिकवलं ते तुमच्याच की युजर्सनी, शेजारच्या खुर्चीवर बसून.

अकाउंट्स टीम, पहिलं मंथ-एंड नऊ दिवस चाललं. माल आल्याचं जीआरएन झालंय पण बिल आलेलं नाही, बिल आलंय पण जीआरएन नाही, अशा एकेक एंट्रीमागे तुम्ही लागलात. आता तेच काम चार दिवसांत होतंय आणि त्याचं श्रेय पूर्णपणे तुमचं.

अजून एक, हे मला सगळ्यांसमोर बोलायचंच होतं. गो-लाइव्हनंतर सेल्सचे काही जण एक्सेल शीट चालवत होते म्हणून मी चिडून मेल टाकला होता. नंतर त्यांच्या शेजारी बसून बघितलं तर कस्टमरप्रमाणे पेंडिंग ऑर्डर किती दिवस जुनी आहे हा रिपोर्ट आम्ही दिलाच नव्हता, मग त्यांनी करायचं काय? तो रिपोर्ट आता आहे, शीट आपोआप बंद झाली. त्या मेलबद्दल मनापासून सॉरी.

अकरा मुद्दे अजून ओपन आहेत, यादी सपोर्ट डेस्ककडे दिलीये, प्रत्येकापुढे नाव आणि तारीख आहे. सोमवारपासून तिकीट तिथे टाका, पण महिनाभर मी याच मजल्यावर आहे, अडलं तर सरळ या.

आणि काका, तुमची वही तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्येच आहे. त्यातलं सगळं आता आयटम मास्टरमध्ये चढलंय, मी स्वतः दोनदा ताडून बघितलं. जरा पुढे या, ती मला सगळ्यांसमोर तुमच्या हातात द्यायचीये.