घाई कोणाले हाये?

सोपान चौदा वर्षांचा, आठवीत. वर्गात वाचायची पाळी आली की त्याचं पोट दुखायचं. दारव्हा तालुक्यातल्या त्याच्या गावात ग्रामपंचायतीमागच्या खोलीत वाचनालय होतं. तिथं तो आला तो पंख्याच्या वाऱ्यासाठी.

ग्रंथपाल मामांनी कपाशीच्या बियाण्याचं रिकामं पाकीट पुढं सरकवलं. "वाच."

"मले नाही जमत, मामा."

"तुले घाई हाये का? मले त नाही."

जोडाक्षर आलं की सोपान अडायचा. मामा पोस्टकार्डानं बाकीची ओळ झाकून एकच शब्द उघडा ठेवत. 'उगवणशक्ती'. उगवण... श... पुढं गाडी हलेना. सांगून टाकणं किती सोपं होतं! मामा मात्र चष्मा पुसत बसले.

"शक्ती! उगवणशक्ती!"

"आता पुढचा."

मग रोज संध्याकाळी खताची पोती, पेपरातले कापसाचे भाव आणि हळूहळू गोष्टीची पुस्तकं. वेचणी लागली तोवर पोस्टकार्ड खणात गेलं होतं.

होळीच्या आधी बँकेचं पत्र आलं. बाबा ते घेऊन शेजाऱ्याकडे निघाले.

"द्या इकडं, मी वाचतो."

पीककर्ज, थकबाकी, व्याज. 'नूतनीकरण'पाशी तो थांबला, मनात शब्द फोडला आणि सलग वाचून काढला.

"मुदत कधीची हाये म्हन्ते?"

"31 मार्च."

बाबांनी पत्राची घडी त्याच्याच हातात दिली. "मंग उद्या तूच चाल माह्यासंगं बँकेत."