पानशेत पूर, १२ जुलै १९६१ : भाव लिहिलेली निवेदन-संहिता

(ऑडिओ माहितीपट, भाग पहिला. एकच आवाज, स्त्री निवेदक.)

ताई, स्टुडिओत येण्याआधी हे एकदा शांतपणे वाचून घ्या. चौकटी कंसातलं तुमच्यासाठी आहे, ते वाचायचं नाही. / म्हणजे श्वासापुरतं थांबा, // म्हणजे पूर्ण थांबा. बाकी सगळं विसरलात तरी एक धरून ठेवा : पुढे काय होणार हे निवेदिकेला ठाऊक आहे, त्या सकाळच्या पुणेकरांना नाही. पहिल्याच वाक्यात गळा दाटला तर पूर यायच्या आधीच आपण तो सांगून टाकला. ऐकणाऱ्यांत असे पुष्कळ असतील ज्यांच्या आजीनं हा दिवस डोळ्यांनी पाहिलाय. त्यांना रडका आवाज नकोय.

१. [रोजचं बोलणं. शेजारणीशी दारात उभं राहून बोलावं तसं. गूढपणा अजिबात नको. शेवटच्या वाक्यातल्या ‘पण’वर जोर दिलात तर सगळं फुटेल, तो सहज निघून जाऊ द्या.]

बुधवार, १२ जुलै १९६१. / पुण्यात पाऊस लागून राहिलाय. पेठांतल्या वाड्यांत बंब पेटलेत, दूध येऊन गेलंय, पोरांची दप्तरं भरून झालीत. मुठेचं पाणी चढलंय, पण ते दर पावसाळ्यात चढतं.

२. [थकवा. वीरश्री नको, हे मी मुद्दाम सांगते, कारण ‘जवान’ शब्द आला की आवाज आपोआप छाती काढतो. इथे पाठ भरून आलेली माणसं आहेत. ‘वाहायची, रचायची, पुन्हा रचायची’ हे एका श्वासात, प्रत्येक शब्द आधीच्यापेक्षा जड. श्वास संपला तर संपू द्या, एडिटमध्ये तो काढणार नाही. शेवटच्या दोन वाक्यांत कृतज्ञता, पण खालच्या सुरात.]

वर आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण अजून पुरतं बांधून झालेलं नाही. तरी त्यात पाणी साठलंय आणि भराव खचू लागलाय. / आदल्या रात्री लष्कराचे जवान आले. भर पावसात, अंधारात वाळूची पोती वाहायची, खचलेल्या जागी रचायची, ती बसली की पुन्हा रचायची. // रात्र निघाली. धरण फुटलं ते सकाळी. / तेच रात्री फुटलं असतं तर शहर झोपेत होतं.

३. [वेग. घाई नव्हे. वाक्यं तोकडी आहेत, ती तोडून वाचू नका, एकात एक घुसू द्या. आवाज चढवायचा नाही. ‘लकडी पूल’ला किंचित अविश्वास : जो पूल रोज पायांखाली असतो, तो दिसेनासा झालाय.]

ते पाणी खडकवासल्यात आलं आणि तिथून शहराकडे सुटलं. नारायण पेठ, शनिवार पेठ, कसबा, पलीकडे पुलाची वाडी. गल्ल्यांत पाणी, ओसरीवर पाणी, माडीच्या जिन्यावर पाणी. लोक उंच जागा गाठायला धावले. लकडी पूल पाण्याखाली गेला.

४. [सपाट. काहीही घालू नका. आधी तीन सेकंद शांतता मी ठेवणार आहे, तुम्ही मोकळ्या श्वासानं सुरुवात करा.]

दुपारी खडकवासलाही फुटलं.

५. [संध्याकाळचं सुन्न होणं. डोळे कोरडे. यादी वाचतोय असं वाटू नये : प्रत्येक वस्तू कुणीतरी हातात घेऊन पाहिली आहे. ‘चिखल’ शब्दावर ओठ जरा रेंगाळू देत.]

पाणी ओसरलं तेव्हा घरात चिखल होता. फडताळात चिखल, धान्याच्या डब्यांत चिखल, देवघरात चिखल. / कित्येक वाड्यांच्या भिंतींची माती पाण्यानं नेली होती. आणि माणसं माणसांना शोधत होती. //

६. [ऊब. पूर्ण भागात हसू फक्त इथे, तेही ओठांवर नाही, आवाजात. दुसरं वाक्य कौतुकानं.]

खडकवासल्याचं पाणी गेलं, तसे शहराचे नळही कोरडे पडले. मग वाड्यांतल्या आडांची आठवण झाली. रहाट पुन्हा फिरू लागले. / ज्याच्या वाड्यात आड, त्याच्या दारात रांग.

७. [पत्ता सांगावा तसं स्पष्ट. मात्र ‘सहकारनगर’ नंतर थांबून पुढचं वाक्य अंमळ सावकाश. शोक नाही, तुटलेपण आहे : एका आडावर पाणी भरणारी माणसं वेगवेगळ्या टोकांना गेली. ‘शेजार’वर स्वर खाली सोडा आणि तिथेच थांबा, संगीत मी लगेच आणणार नाही.]

पूरग्रस्तांसाठी नव्या वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगर, सहकारनगर. // घरं मिळाली. जुना शेजार मात्र विखुरला.

(पहिला टेक सलग घेऊ. परिच्छेद २ आणि ५ चे दोन-दोन टेक लागतील असं धरून चला. ४ चा एकच घेऊ. १९६१ हे ‘एकोणीसशे एकसष्ट’ असंच वाचा.)